दहा, वीस, चाळीस

अकरा वर्षं बाई त्या शाळेत शिकवत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांना स्वतःचा एकही वर्ग मिळाला नव्हता. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की बाई. कुणाचा पाय मोडला की बाई. एकदा तर गणिताचे एक सर लग्नाला म्हणून गेले ते तीन महिने फिरकलेच नाहीत, तेव्हाही बाईच. शिक्षकांच्या खोलीत त्यांना सगळे बदलीबाई म्हणत, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. नव्या शिपायाला तर तेच त्यांचं आडनाव वाटायचं.

यंदा गणिताची एक कायमची जागा निघाली. जागेला वयाची अट होती पंचेचाळीस, आणि बाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला सात आठवडे उरले होते. म्हणजे हिशेब सोपा होता. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर उरलेला जन्म दुसऱ्यांचे पाय मोडण्याची वाट बघत काढायचा.

त्या शाळेत शिक्षक निवडायची पद्धत जगावेगळी होती, आणि ती गणिताच्या विभागप्रमुखांनी सुरू केली होती. मुलाखतीत गोड बोलणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. उमेदवाराने अकरावीच्या एका तुकडीला पस्तीस मिनिटं शिकवायचं. मग त्याने फळा स्वच्छ पुसायचा आणि मागे भिंतीपाशी खुर्चीवर जाऊन बसायचं. शिपाई एक पाकीट फोडणार, त्यातल्या चिठ्ठ्या मुलांना वाटणार. प्रत्येक चिठ्ठीवर त्याच धड्यावरचं एकच गणित. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत उमेदवाराने चकार शब्द काढायचा नाही, खाकरायचंसुद्धा नाही. बत्तीस मुलांपैकी जास्त जणांचं गणित ज्याच्या शिकवण्याने सुटेल, जागा त्याची. बाकी सगळं, म्हणजे पदव्या, ओळखी, इस्त्रीचे कपडे, विभागप्रमुखांच्या लेखी शून्य.

उमेदवार दोनच उरले होते. दुसरा एक तरुण होता, खासगी क्लास चालवायचा, आवाज खणखणीत आणि अक्षर मोत्यासारखं. त्याचा धडा सोमवारी झाला. क तुकडीला त्याने कोनांच्या बेरजेची सूत्रं शिकवली आणि बत्तीसपैकी बावीस जणांचं गणित बरोबर आलं. विभागप्रमुखांच्या पद्धतीत आजवर कुणी वीसच्या पुढे गेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत दोघातिघांनी त्याचं अभिनंदनही करून टाकलं, बाई तिथेच चहा पीत बसल्या असताना.

बाईंना विषय मिळाला मंगळवारी दुपारी: कॉस वीस, कॉस चाळीस आणि कॉस ऐंशी यांचा गुणाकार. धडा बुधवारी सकाळी, त्याच क तुकडीला.

हे गणित बाईंना तोंडपाठ होतं. ते कुणाला नसतं? वर खाली दोन साइन वीसने गुणायचं, मग दुप्पट कोनाचं सूत्र एकापाठोपाठ एक तीनदा लावायचं, उत्तर एक अष्टमांश. चार ओळी. घरी गेल्या गेल्या त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि नवऱ्याला समोर बसवलं. नवरा विजेची कामं करायचा. दहावीनंतर गणिताशी त्याचा संबंध उरला होता तो फक्त बिल करण्यापुरता, त्यामुळे विद्यार्थी म्हणून तो अगदी आदर्श होता. बाईंनी झरझर चार ओळी लिहून दाखवल्या आणि विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघितलं.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "सगळं कळलं गं. पण हा साइन वीस मध्येच कुठून टपकला?"

बाई म्हणाल्या की ती युक्ती असते. त्यावर तो म्हणाला की युक्ती असते हे त्यालाही दिसतंय, पण ती सुचते कुणाला आणि का, ते सांग. शिवाय उद्या दुसरे कोन आले तर पोरांनी काय करायचं? बाई चिडल्या. त्याला काय कळतं, असं मनात म्हणून भाजी ढवळायला उठल्या, आणि ढवळता ढवळता त्यांच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर आपण अकरा वर्षांत एकाही वर्गाला दिलेलं नाही. आपल्यालाही कुणी दिलं नव्हतं. भाजी लागली. पण धडा मात्र त्यांनी जेवायच्या आधीच पुन्हा पहिल्यापासून बांधला, आणि या खेपेला नवऱ्याने मान डोलावली ती उगीच बायकोची समजूत काढायला नव्हे.

बुधवारी सकाळी वर्गात विभागप्रमुख आणि प्राचार्या शेवटच्या बाकाच्या मागे बसले होते. विभागप्रमुख तीस वर्षांचे मुरलेले, बोटांना खडू कायमचा चिकटलेला. मुलं त्यांना पाठीमागे फॉर्म्युलासर म्हणत, कारण कशालाही त्यांच्याकडे एक पाठांतराची ओळ तयार असायची. प्राचार्या इतिहासाच्या. गणिताच्या तासाला त्या देवळात बसल्यासारख्या शांत बसत.

बाईंनी फळ्यावर तीन कोसाइन लिहिले आणि सूत्र न सांगता आधी विचारलं की गुणाकार साधारण केवढा येईल?  मग पुढच्या बाकावरची चष्मेवाली, वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणाली की कॉस ऐंशी फारच लहान असणार, त्यामुळे उत्तरही लहानच. बाईंनी ते कोपऱ्यात लिहून ठेवलं: "लहान."

मग त्यांनी डावीकडे दुप्पट कोनाचं सूत्र लिहिलं. साइन दोन थीटा म्हणजे दोन साइन थीटा कॉस थीटा. आणि वर्गाला सांगितलं की हे सूत्र आणि आपलं गणित शेजारी शेजारी ठेवून बघा, सूत्रातलं काय आपल्याकडे आहे आणि काय नाही. आपल्याकडे कॉस वीस आहे. सूत्राला त्याच्याबरोबर दोन हवेत आणि साइन वीस हवा. ते नाहीत, म्हणून आपण आणायचे. आणलेली वस्तू फुकट नसते, म्हणून तीच खाली छेदातही लिहायची. इथे बाईंची एक सवय होती. त्या छेद आधी लिहायला लावत. वर काहीही करण्यापूर्वी रेघ मारायची आणि खाली दोन साइन वीस लिहून टाकायचं. कारण मुलं वरच्या गमतीत रमतात आणि खाली काय होतं ते विसरतात, हे त्यांनी शेकडो वह्यांत पाहिलं होतं.

"आता बघा कॉस वीसला जोडीदार मिळाला. दोघं मिळून कोण झाले?"

साइन चाळीस झाले. आणि शेजारी कॉस चाळीस आधीच उभा होता, वाट बघत. आता फक्त दोनचा आकडा हवा. खाली आधी लिहा: दोनाचे चार. वर साइन ऐंशी. शेजारी कॉस ऐंशी. पुन्हा खाली आधी लिहा: चाराचे आठ. वर साइन एकशे साठ. वर्गाने एका सुरात म्हटलं आणि कॉस सगळे संपले. फळ्यावर उरलं साइन एकशे साठ, खाली आठ साइन वीस.

"आता घाई करायची नाही," बाई म्हणाल्या. "गणित इथे संपलेलं नाही. इथे थांबून वरचा कोन आणि खालचा कोन एकमेकांकडे काय नजरेने बघतात ते बघायचं."

एकशे साठ आणि वीस मिळून एकशे ऐंशी. ज्यांची बेरीज एकशे ऐंशी त्यांचे साइन सारखे. म्हणून वर खाली सारखंच, आणि राहिला आठवा भाग. हे या कोनांचं नशीब आहे, असं बाईंनी बजावलं. पायऱ्या कुठल्याही कोनाला चढता येतात, पण वर गेल्यावर दार उघडेलच असं नाही. ते शेवटचे दोन कोन ठरवतात.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या लंबूने हात वर केला. त्याचा हात नेहमी काहीतरी खोडी काढायलाच वर होत असे. त्याने विचारलं की वीसपासूनच का सुरुवात करायची? मी ऐंशीपासून केली तर?

बाईंनी याची तयारी केली नव्हती. घड्याळात बारा मिनिटं उरली होती. शहाणा उमेदवार म्हणाला असता की प्रश्न छान आहे, तासानंतर बघू. बाई म्हणाल्या, करून बघू या. खाली दोन साइन ऐंशी. वर साइन ऐंशी आणि कॉस ऐंशी मिळून साइन एकशे साठ. आता पुढे काय? शेजारी एकशे साठचा कॉस नाही. बाईंच्या कानाची पाळी गरम झाली. त्यांना वाटलं, केला घोटाळा. आणि मग चष्मेवाली हळूच म्हणाली की साइन एकशे साठ म्हणजेच साइन वीस ना, आणि कॉस वीस तर अजून शिल्लक आहे.

बाईंनी खडू तसाच पुढे चालवला. साइन वीस, कॉस वीस, झाले साइन चाळीस. साइन चाळीस, कॉस चाळीस, झाले साइन ऐंशी. वर साइन ऐंशी, खाली आठ साइन ऐंशी. आठवा भाग. लंबू इतका खूष झाला की बाकावरून अर्धा उठला. बाईंनाही ते पहिल्यांदाच दिसत होतं, आणि तो आनंद त्यांनी लपवला नाही. तीन कोन एकमेकांचे हात धरून गोल फिरतात म्हणून कुठूनही निघा, घरीच येता, असं त्यांनी सांगितलं. पस्तीस मिनिटं संपली. बाईंनी फळा पुसला आणि मागे जाऊन खुर्चीवर बसल्या.

शिपायाने पाकीट फोडलं. रीत म्हणून एक चिठ्ठी उमेदवाराच्या हातातही दिली जाई. बाईंनी ती उघडली. विभागप्रमुखांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: किंमत काढा, कॉस दहा गुणिले कॉस वीस गुणिले कॉस चाळीस.

बाईंना आधी बरं वाटलं. कोन दुप्पट दुप्पटच आहेत. मग त्यांनी मनात छेद लिहिला. दोन साइन दहा. वर साइन वीस. चार. साइन चाळीस. आठ. साइन ऐंशी. वर साइन ऐंशी, खाली आठ साइन दहा. ऐंशी आणि दहा. बेरीज नव्वद. दार उघडत नव्हतं. साइन ऐंशी म्हणजे कॉस दहा, म्हणजे उत्तर कॉस दहा भागिले आठ साइन दहा. सुटसुटीत आकडा येतच नाही.

सरांनी मुद्दामच असं दिलं असेल का? मुलांना चकवायला? बाईंनी तिरप्या नजरेने पाहिलं. विभागप्रमुखांच्या मांडीवर उत्तराचा कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरात, दुरूनही दिसेल असं, लिहिलं होतं एक अष्टमांश.

कुणाला सांगायचं? तोंड उघडलं की बाद. बाईंनी ओठ दातांत धरले आणि वर्गाकडे बघत राहिल्या. चष्मेवालीची पेन्सिल सरसर चालली आणि मग अडली. तिने मान वाकडी करून चिठ्ठी बघितली. खोडरबर उचलला. मागे वळून बाईंकडे बघितलं, आणि त्या नजरेत सरळ प्रश्न होता की बाई, हे सुटत नाहीये, माझं चुकलं का? बाईंनी आयुष्यात इतक्या कष्टाने कधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नसेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेही त्यांनी येऊ दिलं नाही, कारण तीही खूण झाली असती. चष्मेवालीने खोडरबर थोडा वेळ हवेत धरला. मग खाली ठेवला आणि पुन्हा लिहायला लागली. काय लिहिलं ते बाईंना दिसलं नाही.

दहा मिनिटं झाली. शिपायाने चिठ्ठ्या गोळा केल्या आणि बाई, विभागप्रमुख, प्राचार्या अशी तिघं प्राचार्यांच्या खोलीत गेली. विभागप्रमुख लाल पेनने तपासायला बसले. फुली. फुली. फुली. मग एक बरोबरची खूण. पुन्हा फुल्यांची रांग. तपासता तपासता त्यांचा चेहरा पडत गेला. बाईंबद्दल त्यांना आकस नव्हता, उलट धडा त्यांना आवडला होता, हे दिसत होतं. शेवटी त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठोकून सारखा केला आणि प्राचार्यांना सांगितलं की बत्तीसपैकी पाच.

प्राचार्यांनी समोरचा अर्ज हातात घेतला. तरुण उमेदवाराचा होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या की बाईंचा धडा छान झाला, पण पद्धत ती पद्धत. आणि पेनचं टोपण काढलं.

बाई उभ्याच होत्या. या खोलीत समोर बसलेला माणूस तीस वर्षं गणित शिकवत होता. उद्या कायम झाल्या तरी त्याच्याच हाताखाली काम करायचं होतं, नाही झाल्या तर पुढचं बदलीचं कामही त्याच्याच हातात होतं. आणि त्याची चूक सांगायची, तीही प्राचार्यांसमोर.  पण आत कुठेतरी चष्मेवालीचा तो खोडरबर त्यांना दिसत होता. पोरीने आपलं ऐकून बरोबर लिहिलं असणार आणि तिच्या चिठ्ठीवर आत्ता लाल फुली असणार. त्याचा राग बाईंना स्वतःच्या भीतीपेक्षा मोठा वाटला.

"सर," त्या म्हणाल्या, "उत्तर एक अष्टमांश नाहीये."

विभागप्रमुखांनी वर पाहिलं. रागावले नाहीत, हसले. तीस वर्षांत हजारो मुलांना पाठ करून दिलेली ओळ त्यांनी म्हणून दाखवली की दुपटीचे दोन कोन तर चौथा भाग, तीन तर आठवा, चार तर सोळावा. मुलांनी फळ्यावरचंच उत्तर उतरवू नये म्हणून त्यांनी सगळे कोन निम्मे केले होते, एवढंच. दुपटीचे ते दुपटीचेच राहिले.

आता हे ऐकून कुणी हसू नये. ती ओळ पुस्तकातल्या प्रत्येक गणिताला लागू पडत होती, कारण पुस्तकवाले कोन निवडूनच देतात. सरांनी तीस वर्षांत पुस्तकाबाहेरचा कोन स्वतः बनवला तो हा पहिलाच.

बाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. त्यांना पूर्ण गणित मांडून दाखवता आलं असतं, पण त्या प्राचार्यांकडे वळल्या. हे इतिहासवाल्या माणसाला कळलं तरच खरं, असं त्यांना वाटलं.

"मॅडम, पंचेचाळीस अंशांचा कॉस साधारण पॉइंट सात असतो. कोन लहान तर कॉस मोठा. दहा, वीस, चाळीस, तिन्ही पंचेचाळीसपेक्षा लहान आहेत. म्हणजे तिन्ही पॉइंट सातपेक्षा मोठे. आता तुम्हीच पॉइंट सात तीनदा गुणा."

प्राचार्यांनी चष्मा सारखा केला आणि अर्जाच्याच मागच्या बाजूला गुणाकार केला. सात सत्ते एकोणपन्नास. एकोणपन्नास साते तीनशे त्रेचाळीस. पॉइंट तीन चार तीन. खरं उत्तर याच्याहून मोठंच असणार होतं. मग एक भागिले आठ केलं. पॉइंट एक दोन पाच. त्यांनी दोन्ही आकड्यांकडे बघितलं, मग विभागप्रमुखांकडे.

 विभागप्रमुखांनी खिशातून फोन काढला, तीन कोसाइन गुणले आणि पडद्याकडे बघत राहिले. पॉइंट सात शून्य आठ नऊ. पुन्हा गुणले. तेवढेच. मग त्यांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली वरची एक उचलली, जिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने मोठी फुली मारली होती, आणि पहिल्यांदाच ती नीट वाचली. छेद आधी लिहिला होता. दोन, चार, आठ. वर साइन ऐंशी, खाली आठ साइन दहा. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "ऐंशी आणि दहा नव्वद होतात, एकशे ऐंशी नाही, म्हणून कटत नाही. कॉस दहा भागिले आठ साइन दहा." फोनवर त्यांनी तेही करून बघितलं. पॉइंट सात शून्य आठ नऊ.



मग विभागप्रमुखांनी लाल पेन बाजूला ठेवून हिरवं घेतलं आणि सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. आधी बरोबर ठरलेल्या पाचही त्यांनी कापल्या, कारण त्या पाचांनी जुन्या वह्यांतून त्यांचीच ओळ पाठ करून उत्तर ठोकून दिलं होतं. तिघं मध्येच कुठेतरी भरकटले होते. बाकीच्या सगळ्यांवर हिरवी खूण. बाईंना मोजायचा धीर होत नव्हता. प्राचार्याच मोजत होत्या, बोटं मिटत आणि उघडत.

चोवीस.

पण प्राचार्यांनी एक अडचण काढली. चोवीसपैकी एकोणीस जणांनी कॉस दहापर्यंत आणलं होतं. पाच जण साइन ऐंशी भागिले आठ साइन दहा लिहून थांबले होते. त्यांचं बरोबर धरायचं का? नाही धरलं तर एकोणीस होतात आणि बावीसच्या खाली जातात.  हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि त्या माणसाला बाईंनी पाच मिनिटांपूर्वी त्याची चूक दाखवली होती.

विभागप्रमुखांनी फार विचार केला नाही. "मी किंमत काढा म्हणालो होतो, रूप सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "प्रश्न चुकीचा काढला मी. त्याची शिक्षा त्या पाच पोरांना आणि यांना का? चोवीसच लिहा."

प्राचार्यांनी तरुणाचा अर्ज बाजूला ठेवला, बाईंचा पुढे ओढला आणि सही केली. बाईंना ती सही दिसली ती धूसर, कारण दहा मिनिटं आवरून धरलेलं पाणी आता आवरण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

त्या नवऱ्याला फोन करायला बाहेर निघाल्या होत्या, पण विभागप्रमुखांनी त्यांना थांबवलं. क तुकडी अजून वर्गातच होती. ते चिठ्ठ्या घेऊन पुढे चालू लागले आणि बाई मागे. वर्गात शिरल्यावर मुलं उभी राहिली. सरांनी त्यांना बसवलं, फळ्यावर स्वतःच्या हाताने दहा, वीस, चाळीस लिहिलं आणि समोर बरोबरीचं चिन्ह काढून एक अष्टमांश. मग त्यावर एक आडवी रेघ मारली, इतकी जोरात की खडू तुटला.

"हे उत्तर चूक आहे," त्यांनी वर्गाला सांगितलं, "आणि ते माझं आहे. तीस वर्षं मी शेवटचे दोन कोन बघितलेच नाहीत. तुमच्यातल्या चोवीस जणांनी बघितले. कसे, ते तुमच्या बाई सांगतील. आजपासून हा वर्ग त्यांचा."

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग लंबूने बाक वाजवला, आणि मग सगळ्या वर्गाने. विभागप्रमुख वळले, पण दाराकडे गेले नाहीत. पहिल्या बाकावर चष्मेवालीच्या शेजारी जागा होती. तिने दप्तर मांडीवर घेतलं आणि ते तिथे अवघडून बसले, गुडघे बाकाला टेकवून. खिशातून पेन काढलं आणि तिच्याकडे वहीचं एक पान मागितलं.

बाईंनी तुटलेल्या खडूचा मोठा तुकडा उचलला, फळ्यावर आडवी रेघ ओढली आणि सरांकडे बघून विचारलं की खाली आधी काय लिहायचं.